वॉर्डातील सहकारी गुंगीची औषधे लांबवत असल्याचा संशय आला तर

रात्रपाळीला दोन वाजून गेलेले असतात. शेजारच्या खाटांकडे पाहणारा सहकारी रजिस्टर तुमच्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, "जरा सही कर ना, उरलेलं मी मघाशीच टाकलं." तुम्ही दुसऱ्या रुग्णाचे सलाईन लावण्यात गुंतलेले असता, त्यामुळे न पाहताच सही करता. रुग्णालयातील बहुतेक जणांनी अशी सही कधी ना कधी केलेली असते, आणि पुढे संशय आल्यावर अनेकांचे तोंड बंद राहण्याचे एक मोठे कारण ही सहीच असते. म्हणून या विषयाची सुरुवात तिथूनच करणे योग्य होईल.

त्या सहीचा अर्थ नेमका काय असतो, ते आधी पाहू. मॉर्फिनची 10 मि.ग्रॅ.ची एक अँप्युल फोडली आणि रुग्णाला 4 मि.ग्रॅ. द्यायचे असले, तर 6 मि.ग्रॅ. उरते. उघडलेली अँप्युल पुन्हा कुलपात ठेवता येत नाही, म्हणून उरलेले औषध दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत टाकायचे आणि दोघांनी सही करायची, अशी पद्धत जगभरातील रुग्णालयांत आहे. औषध लांबवणाऱ्याला सगळ्यांत सोयीची जागा हीच असते, कारण कपाटातील अँप्युलची मोजणी तंतोतंत जुळते, रजिस्टरवर दोन सह्या असतात, आणि तरीही 6 मि.ग्रॅ. कुठे गेले हे कुणीच पाहिलेले नसते. दुसरा प्रकार याहून वाईट आहे. त्यात रुग्णासाठी भरलेल्या सिरिंजमधील औषध काढून घेऊन तिच्यात सलाईन भरले जाते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला वेदनाशामक म्हणून मिठाचे पाणी टोचले जाते.

हा दुसरा प्रकार किती दूर जाऊ शकतो, हे अमेरिकेतील डेव्हिड क्वियाटकोव्स्की या तंत्रज्ञाच्या प्रकरणात दिसले. तो फेंटानिल भरलेल्या सिरिंज चोरून स्वतःला टोचून घेत असे आणि त्याच सिरिंजमध्ये सलाईन भरून त्या परत ठेवत असे. त्याला हिपॅटायटिस सी झालेला होता, त्यामुळे चाळीसहून अधिक रुग्णांना त्याच्यामुळे लागण झाली. 2010 साली अ‍ॅरिझोनातील एका रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात तो बेशुद्ध सापडला होता आणि तिथून त्याला काढूनही टाकले होते, पण थोड्याच दिवसांत त्याला दुसऱ्या राज्यात काम मिळाले. न्यू हॅम्पशायरमधील रुग्णालयात लागण उघडकीस येऊन 2012 साली त्याला अटक झाली आणि 2013 साली 39 वर्षांची शिक्षा झाली. नोकरीतून गुपचूप काढून टाकणे म्हणजे प्रश्न मिटवणे नव्हे, हे या प्रकरणावरून कळते. जे पाहिले ते योग्य ठिकाणी लेखी पोहोचले नाही, तर माणूस फक्त पुढच्या रुग्णालयात जातो.

संशय कशावरून, आणि कशावरून नाही

कुणाचा स्वभाव चिडका झाला, कुणी पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागला, कुणी जादा पाळ्या मागून घेतो, अशा खुणा प्रशिक्षणात सांगितल्या जातात. माझ्या मते एकट्या या खुणांवर काहीच उभे करू नये, कारण कर्ज, घरातले आजारपण किंवा नुसता थकवा यांनीही माणूस असाच दिसतो. ज्यावर बोट ठेवता येते ते औषधाच्या प्रवासात सापडते. एकाच व्यक्तीच्या पाळीत रुग्ण वारंवार सांगतात की इंजेक्शन मिळूनही दुखणे तसेच आहे, आणि दुसऱ्याच्या पाळीत तेवढ्याच मात्रेने त्यांना आराम पडतो. घरी गेलेल्या रुग्णाच्या नावावर औषध काढलेले दिसते. गोळी चालली असती तरी इंजेक्शनच काढले जाते. लहान अँप्युल उपलब्ध असताना मोठी फोडली जाते, म्हणजे टाकायला जास्त उरते. अँप्युलची मान आधीच तुटून पुन्हा चिकटवलेली असते, किंवा सीलबंद म्हणून ठेवलेल्या सिरिंजचे झाकण सैल असते.

यातील प्रत्येक गोष्टीचे निर्दोष स्पष्टीकरणही असू शकते. काही रुग्णांना ठरलेली मात्रा खरोखरच पुरत नाही. कपाटाच्या यंत्राचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांत वीस मिनिटांचा फरक असला, तर प्रामाणिक नोंदही खोटी वाटते. म्हणूनच तुम्ही काय सिद्ध करायचे आहे, या प्रश्नाचे उत्तर "काहीच नाही" असे आहे. तुम्ही जे पाहिले ते अचूक सांगायचे, आणि सगळ्या नोंदी ताडून पाहण्याचे काम ज्यांच्याकडे तो अधिकार आहे त्यांना करू द्यायचे.

सापळा लावू नका, जाब विचारू नका

संशय आल्यावर सर्वांत आधी मनात येते ते म्हणजे त्याच्याशीच एकदा बोलून घ्यावे. मैत्री असली तर हे न्यायाचेही वाटते. मात्र या एका प्रकारच्या गैरवर्तनात ते धोक्याचे आहे. सावध झालेला माणूस पद्धत बदलतो, रजिस्टरमधील नोंद दुरुस्त करतो किंवा राजीनामा देऊन निघून जातो. व्यसनात सापडलेला माणूस उघडा पडल्याच्या क्षणी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करू शकतो, आणि त्याच्याभोवती तर जीवघेणी औषधेच असतात. म्हणून त्याला समोर बसवून बोलण्याचे काम पूर्वतयारीने, दोनतीन जबाबदार व्यक्तींच्या उपस्थितीत आणि लगेच वैद्यकीय मदत मिळेल अशा व्यवस्थेत केले जाते. ते मध्यरात्री तुम्ही एकट्याने करायचे नसते.

दुसरी चूक म्हणजे स्वतःच तपास सुरू करणे. तुमच्या देखरेखीखाली नसलेल्या रुग्णांच्या फाइल उघडून पाहिल्या, तर संगणकात त्याची नोंद राहते आणि उद्या प्रश्न तुम्हालाच विचारला जातो. रजिस्टरच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, तर रुग्णांची नावे तुमच्या खाजगी फोनमध्ये जातात, आणि अनेक ठिकाणी तो स्वतंत्र नियमभंग ठरतो. कुणाचे लॉकर किंवा पिशवी तर कधीच उघडू नये. रजिस्टर कुठे जात नाही, आणि यंत्रातील नोंदी तुम्ही न पाहताही तिथेच राहतात. तुम्ही फक्त कुठली तारीख आणि कुठली वेळ पाहायची, हे सांगायचे असते.

एका परिस्थितीत मात्र थांबून टिपणे काढत बसायला वेळ नसतो. सहकारी त्या क्षणी ड्युटीवरच गुंगीत असेल, बोलणे अडखळत असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील किंवा तो स्वच्छतागृहात बराच वेळ राहून उत्तर देत नसेल, तर पाळीच्या इनचार्जना ताबडतोब बोलवावे, त्याच्याकडचे रुग्ण दुसऱ्याने सांभाळावेत आणि त्याला एकटे सोडू नये, गाडी चालवत घरीही जाऊ देऊ नये. श्वास मंदावलेला असेल तर तो आधी रुग्ण आहे, बाकी सगळे नंतर. संशयास्पद सिरिंज किंवा अँप्युल सापडली तर ती फेकू नये, पुसू नये, टोपण लावायचा प्रयत्न करू नये. ती आहे तिथेच राहू द्यावी, कुणालातरी जवळ उभे करावे आणि इनचार्जना दाखवावी. ती सुई आधी कुणाला टोचली गेली असण्याची शक्यता असेल, तर संसर्ग नियंत्रण विभागाला त्याच दिवशी कळणे महत्त्वाचे असते, कारण काही प्रतिबंधक उपचारांचा उपयोग सुरुवातीच्या तासांतच होतो.

टिपण कसे लिहावे

आता सुरुवातीची रात्र पुढे नेऊ. असे समजा, की तुम्ही न पाहता सही केली, आणि पंधरा मिनिटांनी सातव्या खाटेवरील रुग्णाने तुम्हाला हाक मारून सांगितले की दुखणे थोडेही कमी झालेले नाही. गेल्या आठवड्यातही याच सहकाऱ्याच्या पाळीत असेच दोनदा घडल्याचे तुम्हाला आठवले. घरी गेल्यावर मन मोकळे करण्यासाठी लिहिलेले टिपण बहुधा असे होते: "तो मॉर्फिन चोरतो, सगळ्यांना माहीत आहे, रुग्णांचे हाल होतात, वरचे लोक झाकतात." यातील एकही वाक्य तपासणाऱ्याच्या उपयोगाचे नाही, आणि संशय चुकीचा निघाला तर प्रत्येक वाक्य तुमच्यावर उलटू शकते.

तेच टिपण असे लिहिता येते. "आज रात्रपाळीत 2 वाजून 10 मिनिटांनी सातव्या खाटेसाठी मॉर्फिन 10 मि.ग्रॅ.ची एक अँप्युल काढल्याची नोंद रजिस्टरमध्ये आहे. दिले 4, टाकले 6, अशी नोंद आहे. औषध देताना किंवा टाकताना मी पाहिले नाही. साक्षीदार म्हणून माझी सही आहे, ती मी सुमारे 2 वाजून 25 मिनिटांनी सहकाऱ्याच्या सांगण्यावरून केली. 2 वाजून 40 मिनिटांनी रुग्ण म्हणाला की दुखणे कमी झालेले नाही. मी वेदनेची पातळी विचारली, ती त्याने दहापैकी आठ सांगितली, आणि तशी नोंद केली. ड्युटीवरील डॉक्टरांना 2 वाजून 45 मिनिटांनी कळवले. वेळा भिंतीवरील घड्याळाप्रमाणे आहेत." त्याखाली वेगळ्या परिच्छेदात गेल्या आठवड्यातील दोन प्रसंग लिहावेत, आणि ते आठवणीतून लिहीत आहोत हेही नोंदवावे.

या टिपणात चोरी हा शब्दच नाही. पाहिलेले, ऐकलेले आणि न पाहिलेले यांची सरमिसळ नाही. रुग्णाचे नाव नाही, खाटेचा क्रमांक आणि वेळ पुरेशी आहे. ते घडल्याच्या दिवशीच लिहिलेले आहे, आणि नंतर काही आठवले तर मूळ मजकूर न खोडता खाली नवी तारीख घालून ते लिहायचे आहे. आणि सर्वांत अवघड वाक्य, म्हणजे स्वतःच्या सहीबद्दलचे, त्यात सरळ आलेले आहे. ते गाळण्याचा मोह होतो. पण रजिस्टर उघडल्यावर तपासणाऱ्याला पहिली सही त्याची आणि दुसरी तुमचीच दिसणार असते. तुम्ही आधी सांगितले असेल तर ती एक कबूल केलेली चूक राहते, नाही सांगितले तर तीच सही तुम्ही सामील असल्याचा पुरावा वाटू लागते. तिच्याबद्दल तुम्हाला समज मिळू शकते, हे खोटे धरून चालू नये. मात्र ही किंमत दिवसागणिक वाढत जाते, कारण पुढच्या पाळीत रजिस्टर पुन्हा पुढे येणार असते. त्या वेळी "थांब, मी बघतो आणि मग सही करतो" एवढे म्हणणे पुरते.

कुणाला सांगावे

सर्वसाधारण मार्ग पाळीच्या किंवा वॉर्डाच्या इनचार्जपासून सुरू होतो. इनचार्जच संशयित असतील, किंवा त्यांची त्या व्यक्तीशी फार जवळीक असेल, तर एक पायरी ओलांडून परिचर्या अधीक्षक किंवा वैद्यकीय अधीक्षक यांच्याकडे जावे. अनेकांच्या लक्षात न येणारा एक चांगला मार्ग म्हणजे रुग्णालयाच्या औषध विभागाचे प्रमुख. कुणालाही चाहूल न लागू देता कपाटातील नोंदी, रुग्णांचे केसपेपर आणि पाळ्यांचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहण्याची सोय त्यांच्याकडेच असते, आणि औषधांचा हिशेब ही त्यांची स्वतःची जबाबदारी असते. रुग्णालयाबाहेर व्यावसायिक परिषद, औषध नियंत्रक आणि पोलिस हे मार्ग आहेत, पण कुठल्या देशात कुणाकडे आधी जायचे आणि कुठले संरक्षण मिळते, यात फरक असल्याने बाहेर जाण्यापूर्वी कामगार संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा. अमेरिकेत अशा औषधांची चोरी किंवा लक्षणीय घट लक्षात आल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात संस्थेने औषध अंमलबजावणी खात्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे.

निनावी पत्राबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सुरक्षितता म्हणजे निनावी राहणे अशी सर्वसाधारण समजूत आहे. आपल्या उदाहरणात 2 वाजून 25 मिनिटांची गोष्ट फक्त दोघांना माहीत आहे. ती पत्रात लिहिली तर नाव न लिहूनही लेखक कळतो, आणि ती गाळली तर पत्रात तपासण्यासारखे काही उरत नाही. शिवाय निनावी पत्राला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि पुढे तुमच्यावर सूड उगवला गेला तर तक्रार तुम्हीच केली होती हे दाखवणेही कठीण जाते. म्हणून अशा लहान वर्तुळातील प्रकरणात नाव देऊन, पण ते गोपनीय ठेवण्याची लेखी विनंती करून कळवणे बहुधा अधिक सुरक्षित ठरते. ज्या संस्थांत तक्रारदाराला क्रमांक देऊन, नाव न विचारता दोन्ही बाजूंनी संवाद ठेवणारी व्यवस्था आहे, तिथे ती वापरण्यास हरकत नाही. मात्र तेव्हा रुग्णालयाचा संगणक, ईमेल किंवा वायफाय वापरू नये, आणि फाइल जोडत असाल तर तिच्या माहितीत लेखक म्हणून तुमचे नाव आपोआप नोंदलेले असू शकते, हे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष भेटीत टिपणाची प्रत द्यावी, मूळ स्वतःकडे ठेवावे, आणि उठण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: माझे नाव कुणाकुणाला कळेल, आणि मला पुढचा निरोप कुठल्या तारखेपर्यंत मिळेल. त्याच दिवशी एक छोटा ईमेल पाठवावा, "आज 11 वाजता झालेल्या भेटीत मी सात तारखेच्या रात्रपाळीचे टिपण दिले. माझे नाव गोपनीय ठेवण्याची विनंती केली. वीस तारखेपर्यंत निरोप देण्याचे आपण सांगितले." अशा ईमेलमध्ये सहकाऱ्याचे नाव लिहिण्याची गरज नसते. तोंडी सांगितलेली तक्रार पुढे "असे काही सांगितलेच नव्हते" या वाक्यापाशी अडते, आणि हा ईमेल ती अडचण टाळतो.

कळवल्यानंतरचे दिवस

यानंतरचे दिवस फार अवघडलेले जातात. त्याच माणसाबरोबर काम करायचे असते, आणि मनात असते की आपण चुकीचे तर नाही. वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा जेवणाच्या वेळी विषय काढू नये. संशय खोटा निघाला तर त्या माणसाची नाहक बदनामी तुमच्या तोंडून झालेली असेल, आणि खरा असेल तर त्याला चाहूल लागेल. कुणी थेट विचारले, "तू काही बोललीस का?" तर खोटे न बोलता "या विषयावर मी कुणाशीच बोलणार नाही" असे सांगता येते. चौकशीचा निकाल तुम्हाला पूर्ण सांगितला जाईलच असे नाही. व्यसनाधीन कर्मचाऱ्याला उपचारासाठी पाठवले असेल, तर ती त्याची वैद्यकीय बाब असते.

गैरप्रकार कळवणाऱ्यांना संरक्षण देण्यासाठी युरोपीय संघाने 2019 साली संमत केलेल्या निर्देशात अंतर्गत तक्रारीची पोच सात दिवसांत आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती तीन महिन्यांत द्यावी, असे घातले आहे. तुमच्या देशात असा नियम नसला, तरी किती दिवस वाट पाहावी याचा अंदाज घेण्यासाठी हे आकडे उपयोगी पडतात. त्याच निर्देशानुसार कळवण्याच्या वेळी संशयाला वाजवी आधार असेल, तर तो पुढे चुकीचा ठरला तरी संरक्षण कायम राहते. जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याला मात्र ते मिळत नाही. सूड बहुधा बडतर्फीच्या रूपात येत नाही. सलग रात्रपाळ्या लागतात, रजा नाकारली जाते, कामाचा शेरा एकाएकी घसरतो. म्हणून तक्रारीच्या आधीचे आपले वार्षिक शेरे आणि पाळ्यांचे तक्ते, जे तुम्हालाच दिलेले आहेत, ते जपून ठेवावेत, आणि त्यानंतरचे बदल तारखेसह लिहीत राहावे.

ठरलेली तारीख उलटूनही काही कळले नाही, तर त्याच ईमेलला उत्तर म्हणून एकदा आठवण करावी, आणि त्यावरही शांतता राहिली तर वरच्या पायरीकडे जावे. पहिली तक्रार दप्तरात बुडणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. इंग्लंडमधील डॉ. हॅरॉल्ड शिपमन आपल्याच रुग्णांचे खून करत होता. त्याच्या रुग्णांचे मृत्यू प्रमाणाबाहेर होत आहेत, हे शेजारच्या दवाखान्यातील डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी मार्च 1998 मध्ये मृत्यू तपास अधिकाऱ्याला कळवले होते. पोलिसांनी एप्रिलमध्ये चौकशी बंद केली. शिपमनला 1976 साली पेथिडिनसाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल दोषी ठरवले गेले होते, हेदेखील त्यांनी तपासले नाही. सप्टेंबरमध्ये अटक होईपर्यंत त्याने आणखी तिघींचा जीव घेतला. रेनॉल्ड्स यांनी योग्य ठिकाणी, योग्य ती गोष्ट सांगितली होती, कसूर ऐकणाऱ्यांची होती.

आपल्या उदाहरणातील सातव्या खाटेचे प्रकरण औषध विभागाकडे गेले, असे धरू. गेल्या आठवड्यातील दोनपैकी एका प्रसंगाचे स्पष्टीकरण निघते, कारण त्या दिवशी डॉक्टरांनीच मात्रा निम्मी केली होती आणि ते तुम्हाला माहीत नव्हते. दुसऱ्या प्रसंगाचे स्पष्टीकरण मिळत नाही. त्या सहकाऱ्याने तीन महिन्यांत टाकलेले औषध इतरांच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त निघते, आणि साक्षीदारांच्या सह्या नेहमी गर्दीच्या वेळी, उशिरा झालेल्या दिसतात. चौकशी करणाऱ्या बाई तुम्हाला पुन्हा बोलावतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सात तारखेला औषध टाकताना तुम्ही पाहिलं होतं का?" त्याचे उत्तर टिपणाच्या तिसऱ्या ओळीत आहे, आणि त्यावर तारीख त्याच रात्रीची आहे.